हस्तपत्रकावरची पहिली ओळ : वाचनालयातल्या पैशांच्या व्याख्यानमालेसाठी

तालुक्याच्या गावी सकाळचा पेपर उघडला की त्यातून दोन-तीन पत्रकं खाली पडतात. एक क्लासचं, एक साड्यांच्या सेलचं, एखादं नेत्रतपासणी शिबिराचं. पेपर वाचणारा वाकून ती उचलतो, एकदा उलटसुलट करतो आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवून देतो. पत्रक त्याच्या हातात राहतं तेवढाच वेळ आपल्याला मिळतो, आणि तेवढ्यात तो सगळ्यांत मोठ्या अक्षरातली ओळ वाचतो. बाकीचं पत्रक वाचायचं की नाही, हे त्या ओळीवर ठरतं.

मी आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे आणि गेली काही वर्षं व्याख्यानमालेची पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. साहित्याच्या व्याख्यानाला वक्त्याचं नाव मोठं छापलं की भागतं. पैशांच्या विषयाला ते पुरत नाही. ‘वैयक्तिक अर्थनियोजन’ हे शब्द दिसले की निम्म्या लोकांना वाटतं, कोणीतरी पॉलिसी गळ्यात मारायला बोलावतोय. उरलेल्यांना वाटतं, हे ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्यासाठी असेल. पहिल्या ओळीला हे दोन्ही समज एकदमच दूर करायचे असतात. हे काम पहिल्यांदाच अंगावर घेतलेल्यांसाठी मी ते कसं करतो ते क्रमाने लिहितो. उदाहरण म्हणून पाच शनिवारांची माला धरू : ठेवी, कर्ज, नॉमिनी, मोबाइलवरची फसवणूक आणि पीपीएफसारखी दीर्घ मुदतीची बचत.

आधी वक्त्याला फोन

बहुतेक वेळा वक्त्याकडून व्याख्यानाचं शीर्षक येतं आणि तेच जसंच्या तसं पत्रकावर चढतं. ‘ठेवींची सुरक्षितता : काळाची गरज’ हे शीर्षक प्रास्ताविकात म्हणायला चालेल, पण त्याने रद्दीकडे जाणारा हात थांबत नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी वक्त्याला फोन करा आणि एकच प्रश्न नीट विचारा : तुमचं बोलणं ऐकून घरी गेलेल्या माणसाने कपाटातून कोणता कागद काढून बघावा?

ठेवींवर बोलणारा म्हणेल, ठेवीची पावती. कर्जावर बोलणारा म्हणेल, मंजुरीपत्र आणि हप्त्यांचा तक्ता. नॉमिनीवर बोलणारा म्हणेल, पासबुकाचं पहिलं पान. हे उत्तर हाती आलं की पहिली ओळ अर्धी लिहून झाली असं समजा, कारण तो कागद पत्रक वाचणाऱ्याच्याही घरात असतो. वक्त्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल, तर गडबड पत्रकाची नसून व्याख्यानाची आहे. मग त्यांच्याशी बोलून विषयच थोडा आवळून घ्या.

दुसरी शिदोरी वाचनालयाच्या देवघेवीच्या काउंटरवर मिळते. पुस्तक बदलायला आलेली माणसं पैशांबद्दल बोलतात तेव्हा कोणते शब्द वापरतात ते टिपून ठेवा. कोणी ‘मुदत ठेव’ म्हणत नाही, ‘एफडी’ किंवा ‘पावती’ म्हणतात. ‘समान मासिक हप्ता’ म्हणत नाहीत, नुसतं ‘हप्ता’ म्हणतात. बँकेच्या अर्जावर ‘नामनिर्देशन’ छापलेलं असतं, पण बऱ्याच घरांत सरळ ‘वारस लावलाय’ म्हणतात. हा शेवटचा शब्दप्रयोग मी वहीत दोनदा अधोरेखित करून ठेवला होता. तो पुढे कसा उपयोगी पडला ते सांगतोच.

एक ओळ, पाच खर्डे

आता पहिला विषय घेऊ : ठेवी. त्यातली खरी माहिती थोडक्यात अशी. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा आणि पत हमी महामंडळाचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाख रुपये आहे. त्याआधी ती एक लाख होती. या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आले. सरकारी, खासगी आणि सहकारी बँकांना हा विमा लागू आहे. सहकारी पतसंस्थांना मात्र तो नाही. गावात एकाच रस्त्यावर नागरी सहकारी बँकही असते आणि चार पतसंस्थाही असतात. पाट्या सारख्या, काउंटर सारखे, पावतीचा कागदसुद्धा सारखाच गुळगुळीत. फरक लक्षात न येणारी बरीच माणसं असतात.

माझा पहिला खर्डा होता : ‘तुमचे पैसे सुरक्षित आहेत का?’ वाचायला बरा वाटतो, पण हा प्रश्न विमा एजंटही विचारतो, कुलूपवालाही विचारतो आणि साखळी योजनेवालाही विचारतो. त्यातून कोणाच्याही डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही.

दुसरा : ‘ठेवींना पाच लाखांचं विमा संरक्षण!’ ही माहिती खरी आहे, पण ती बँकेच्या स्वतःच्या जाहिरातीसारखी वाटते. वाचणारा म्हणतो, बरं झालं, आणि पत्रक ठेवून देतो. ज्याची ठेव पतसंस्थेत आहे तोही निर्धास्त होतो, आणि हे तर घातकच.

तिसरा खर्डा मी एका वर्षी खरोखर छापला, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप आहे. ओळ होती : ‘बँक बुडाली तर ठेवीचं काय?’ डीटीपीवाल्याने ती दोन ओळींत तोडली. वर मोठ्या ठशात ‘बँक बुडाली’ आणि खाली लहान अक्षरात ‘तर ठेवीचं काय?’ प्रूफ मी मोबाइलवर बघितलं आणि होकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीच्या भिंतीवर ते पत्रक लागलं. दहाच्या आत दोघं वाचनालयात येऊन विचारून गेले, “कोणती बँक?” त्यातल्या एकांच्या हातात पासबुक होतं. उरलेली पत्रकं आम्ही त्याच दुपारी परत गोळा केली. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना एक हजार रुपयेच काढता येत होते. महाराष्ट्रात ही आठवण अजून ताजी आहे. अशा ठिकाणी ‘बुडाली’ हा शब्द मोठ्या अक्षरात छापणं म्हणजे चांगल्या चालणाऱ्या बँकेच्या दारातही रांग लावण्याची सोय करणं. तेव्हापासून ठेवींच्या पत्रकात मी हा शब्द कोणत्याही आकारात घेत नाही.

चौथा : ‘पतसंस्थेत पैसे ठेवताय? सावधान!’ हाही टाकला. ठेव विमा नसणं आणि संस्था अडचणीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगली चाललेली पतसंस्था गावात असते, आपलेच लोक ती चालवतात. ‘सावधान’ने तिच्यावर विनाकारण शिंतोडे उडतात.

पाचवा खर्डा असा झाला :

‘ठेवीची पावती काढून बघा.
ती बँकेची आहे की पतसंस्थेची?’

आणि त्याखाली निम्म्या आकारात : ‘पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा एकीला लागू आहे, दुसरीला नाही.’

इथे वाचणाऱ्याच्या हाताला काम मिळालं. पावती त्याच्याच कपाटात आहे. प्रश्नाचं उत्तर त्यालाच शोधायचं आहे आणि ते दोन मिनिटांत सापडतं. खालच्या ओळीमुळे ते का शोधायचं हे कळतं. कार्यकारिणीत एकांनी विचारलं, “उत्तर इथंच दिलंत, मग लोक येतील कशाला?” मला उलटं वाटतं. पावती पतसंस्थेची निघाली की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : मग आता काय करायचं, पैसे काढायचे की ठेवायचे, संस्थेची प्रकृती कशावरून ओळखायची? बँकेची निघाली तरी प्रश्न उरतोच, माझे तर सात लाख आहेत, मग वरच्या दोन लाखांचं काय? हे प्रश्न घेऊन माणूस शनिवारी येतो. आणि जो येणार नाही त्याच्याही पदरात कामाची एक गोष्ट पडलेली असते. वाचनालयाच्या पत्रकाने एवढं तरी करावं.

या ओळीची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. लहान गावात वाचनालयाच्या विश्वस्तांपैकी कोणीतरी पतसंस्थेचा संचालक असतोच. पत्रक छापून झाल्यावर त्यांना कळलं तर मन दुखावतं आणि पुढच्या वर्षी हॉल मिळत नाही. म्हणून छापायच्या आधी मजकूर त्यांच्यापुढे ठेवा. आमच्याकडे संचालक असलेले काका आधी गप्प बसले. मग म्हणाले, “‘दुसरीला नाही’ हे खरं आहे, राहू दे. पण खाली लिहा, पतसंस्थेत ठेव ठेवताना काय बघावं तेही सांगणार म्हणून.” ती ओळ आम्ही घातली आणि पत्रक जास्त चांगलं झालं. त्यांच्या संस्थेच्या काउंटरवर शंभर पत्रकं त्यांनी स्वतः ठेवली.

आकडा टक्क्यांत नको, रुपयांत हवा

दुसऱ्या शनिवारचा विषय कर्ज. वक्त्याने सांगितलेला मुद्दा असा : वाहनाचं, वस्तूंचं किंवा खासगी कर्ज देताना काही ठिकाणी ‘फ्लॅट’ व्याजदर सांगतात. म्हणजे तुम्ही हप्ते भरत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच मोजतात. दुसऱ्या पद्धतीत दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर व्याज धरतात. तिला घटत्या शिलकीची पद्धत म्हणतात. पहिल्या पद्धतीतले १० टक्के हे दुसऱ्या पद्धतीतल्या जवळपास १८ टक्क्यांइतके पडतात.

मोह असा होतो की लिहावं : ‘१० टक्के म्हणजे १८ टक्के!’ मी ही ओळ काउंटरवर चौघांना दाखवली. तिघांना वाटलं छपाईची चूक आहे. चौथे निवृत्त शिक्षक, ते म्हणाले, “गणित कळलं नाही, पण कोणीतरी लुबाडतंय एवढं कळलं.” टक्केवारी डोळ्यांसमोर उभी राहत नाही आणि तिचा भलता अर्थ लागतो. रुपये मात्र लगेच कळतात. म्हणून गणित रुपयांत मांडलं. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षांची मुदत, व्याज १० टक्के. फ्लॅट पद्धतीने वर्षाला दहा हजार, म्हणजे तीन वर्षांत ३० हजार व्याज आणि हप्ता सुमारे ३,६११ रुपये. घटत्या शिलकीने हप्ता सुमारे ३,२२७ रुपये आणि एकूण व्याज १६ हजारांच्या थोडं वर. दोन्हीकडे कागदावर ‘१० टक्के’च लिहिलेलं, फरक जवळपास चौदा हजारांचा. त्यावरून ओळ झाली :

‘१ लाखाचं कर्ज, ३ वर्षं, १० टक्के.
व्याज १६ हजार की ३० हजार?’

खाली : ‘दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तुमच्या कागदावर कोणतं आहे?’

या ओळीत तीन आकडे आणि एक प्रश्न आहे, एरवी मी एवढे आकडे घालत नाही. पण इथे प्रत्येक आकडा कर्ज घेतलेल्या माणसाला तोंडपाठ असतो : किती घेतलं, किती वर्षांसाठी, किती टक्क्यांनी. तो आपले आकडे मनातल्या मनात त्या जागी घालून बघतो. अशी गणिताची ओळ छापण्याआधी वक्त्याकडून हिशोब लेखी मागवा आणि हप्त्यांचं गणित करणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून तरी पडताळून घ्या. पत्रकावरचा आकडा चुकला तर पुढच्या तिन्ही व्याख्यानांवर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि श्रोत्यांत निवृत्त बँक मॅनेजर असतातच.

व्याख्यानात पुढे काय मिळणार हेही एका वाक्यात खाली द्या. आमच्या पत्रकात होतं : ‘कर्जासोबत मिळणारं मुख्य माहितीपत्रक कसं वाचायचं.’ रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना हे माहितीपत्रक द्यावंच लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. ज्यांनी त्यानंतर कर्ज घेतलं त्यांच्या फायलीत ते आहे, फक्त कोणी उघडून बघितलेलं नसतं.

लोकांच्याच बोलण्यातली चूक

तिसऱ्या विषयाला ‘वारस लावलाय’ हा शब्द कामाला आला. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो. बँक त्याच्या हाती रक्कम देऊन मोकळी होते. पण ती रक्कम शेवटी कोणाची, हे मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतं. म्हणजे लोक ज्याला वारस म्हणतात तो वारस असेलच असं नाही. ओळ आयती मिळाली :

‘बँकेत “वारस लावलाय” म्हणता.
बँकेत वारस लावता येतो का?’

ही ओळ वाचून लोक काउंटरवर येऊन भांडले, “म्हणजे काय, आम्ही फॉर्म भरलाय की!” असं भांडण झालं की पत्रक वाचलं गेलं म्हणून समजा.

या विषयात सरसकट विधान करायचा मोह आवरा. ‘नॉमिनी मालक नसतो’ असं मी आधी लिहिलं होतं. वक्त्या वकील होत्या, त्यांनी ते खोडलं. आयुर्विम्याच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, त्यात आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर निराळी तरतूद आहे आणि तिचा अर्थ लावण्यावरून न्यायालयांत वाद झालेले आहेत. म्हणून ओळीत ‘बँकेत’ हा शब्द दोनदा आला. तो काढला असता तर ओळ सुटसुटीत झाली असती आणि अर्धवट खोटीही झाली असती.

जुन्या पत्रकातली ओळ उचलायची असेल तर आधी तिची माहिती आजही खरी आहे का ते बघा. बँक खात्याला आता, १ नोव्हेंबर २०२५ पासून, चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. ‘नॉमिनी एकच, मुलं तीन?’ अशी आमची एक जुनी ओळ होती, ती त्या दिवसापासून बाद झाली.

उत्तर पूर्ण द्यायचं तेव्हा

मोबाइलवरच्या फसवणुकीच्या पत्रकात मात्र मी काहीही राखून ठेवत नाही. इथे उत्सुकता ताणून धरणं बरोबर नाही, कारण शनिवार येईपर्यंत कोणीतरी फसलेलं असतं.

‘पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही.
मग समोरचा पिन टाकायला का सांगतोय?’

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी लागत नाही. हा नियम एका ओळीत संपतो आणि तो घरातल्या आजीलाही पाठ होतो. त्याखाली १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर ठळक द्यायचा. ही पत्रकं आम्ही जाड कागदावर छापली, कारण ती लोक फ्रिजवर किंवा कॅलेंडरमागे लावतात.

पाचव्या विषयाची ओळ सगळ्यांसाठी नव्हती, हेही नवख्यांनी लक्षात घ्यावं. ‘पीपीएफचे पैसे ५ तारखेला भरता की ६ तारखेला?’ ही ओळ ज्याचं पीपीएफ खातं नाही त्याच्या डोक्यावरून जाते. ज्याचं आहे तो मात्र जागीच थांबतो. पीपीएफमध्ये महिन्याचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजतात. दीड लाख एकदम भरणाऱ्याने ५ एप्रिलऐवजी ६ एप्रिलला भरले तर ७.१ टक्के दराने एका महिन्याचं जवळपास ८८७ रुपये व्याज जातं. ही पत्रकं आम्ही पेपरात टाकली नाहीत. शाळांच्या शिक्षकखोल्यांत, टपाल कार्यालयाजवळ आणि तहसील कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर ठेवली.

पाच विषय, वर एकच ओळ

पाच व्याख्यानांच्या पाचही ओळी एकाच पत्रकावर छापल्या तर एकही वाचली जात नाही. आम्ही एका पत्रकावर एकच ओळ वर ठेवतो आणि खाली पाच तारखांचा छोटा तक्ता देतो. त्यात प्रत्येक विषयाला दोन-तीन शब्द पुरतात : ‘ठेवी’, ‘कर्जाचं व्याज’, ‘नॉमिनी आणि वारस’. वरची ओळ दर आठवड्याला बदलते, खालचा तक्ता तोच राहतो. डीटीपीवाल्याला हे आधी सांगितलं तर तो पाच पत्रकांचे वेगळे पैसे लावत नाही.

आकार ए-फाइव्ह, म्हणजे ए-फोर कागदाचा अर्धा. रंगीत कागदावर काळी छपाई स्वस्तात पडते. वरची ओळ दोन ओळींत मावावी, एका ओळीत चार ते सहा शब्द, म्हणजे ठसा मोठा ठेवता येतो. ओळ कुठे तोडायची ते कागदावर रेघ मारून डीटीपीवाल्याला द्या आणि दोन्ही ओळी एकाच आकारात हव्यात हे बजावून सांगा. ‘नाही’, ‘तर’, ‘का’ हे शब्द आधीच्या शब्दांपासून तुटून खालच्या ओळीत गेले की अर्थ उलटतो. तो अनुभव वर सांगितलाच. प्रूफ मोबाइलवर न बघता छापून, हात लांब करून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला युनिकोड मजकूर जुन्या डीटीपी फाँटमध्ये बदलताना ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरं मोडतात आणि टक्क्याचं चिन्ह भलत्याच अक्षरात बदलतं. म्हणून आम्ही चिन्ह टाळून ‘टक्के’ असं अक्षरी लिहितो आणि रुपयांचे आकडे प्रूफवर एकेक करून मोजतो.

मग शेवटची चाचणी. वाचनालयातले शिपाईमामा सकाळी पेपर लावतात, मी पत्रक त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, मोठ्याने वाचा. ते जिथे अडखळतात तिथे ओळ बदलायची. ‘ठेवीदारांच्या हितसंरक्षणार्थ’ असं काहीतरी एकदा मीच लिहिलं होतं, त्यावर ते दोनदा थांबले. वाचून झालं की विचारायचं, “हे कशाबद्दल आहे?” ते म्हणाले, “पावती बघायला सांगतायत”, की छापायला द्यायचं. “बँकेची जाहिरात आहे” म्हणाले तर परत लिहायचं.

ओळीला खालून आधार

पहिली ओळ कितीही चांगली असली तरी डोळा लगेच तळाशी जातो, हे कोण करतंय ते बघायला. तिथे आम्ही तीन छोटी वाक्यं छापतो : ‘प्रवेश विनामूल्य. कोणतीही योजना, पॉलिसी किंवा शेअर विकले जाणार नाहीत. कोणाचाही फोन नंबर घेतला जाणार नाही.’ हे छापलं की पाळावं लागतं. वक्त्याला आधी लेखी कळवा की व्हिजिटिंग कार्ड वाटायची नाहीत. वक्ता विमा किंवा म्युच्युअल फंडाचा व्यवसाय करत असेल तर तेही त्याच्या नावाखाली छापा. लपवलं तर गावात ते दुसऱ्या दिवशी कळतंच.

वरच्या ओळीत ‘हमखास’, ‘दामदुप्पट’, ‘गॅरंटी’, ‘श्रीमंत व्हा’ यांतला एकही शब्द नको. फसव्या योजनांची पत्रकं याच शब्दांवर चालतात. त्याच पेपरातून, त्याच सकाळी तसलं एखादं पत्रक आपल्या पत्रकाला चिकटून घरात जात असतं.

कोणत्या ओळीने माणसं आली

हे मोजायला आम्ही कागदाचे रंग वापरतो. पेपरातून गेलेली पत्रकं पिवळी, काउंटरवर ठेवलेली गुलाबी, शाळांतली हिरवी. पेपरात टाकायला रविवार टाळतो, त्या दिवशी पत्रकांचा गठ्ठाच असतो. गुरुवारी टाकलं तर शनिवार लक्षात राहतो. हॉलच्या दाराशी एक स्वयंसेवक उभा असतो आणि विचारतो, “पत्रक कुठलं बघितलंत?” बरेच जण ते घडी घालून सोबत आणतात, रंग बघितला की काम झालं. पण नुसत्या संख्येपेक्षा मला एक खूण जास्त कामाची वाटते. किती जण कागद घेऊन आलेत? पहिल्या शनिवारी पिशवीतून ठेवीच्या पावत्या काढून मांडीवर घेऊन बसलेली माणसं दिसली, तेव्हा ‘पावती काढून बघा’ हे त्यांनी खरंच केलं होतं हे कळलं.

त्या दिवशी प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एक मावशी उठल्या. त्यांच्याकडे एकाच बँकेच्या दोन शाखांतल्या दोन पावत्या होत्या, एक इथली आणि एक माहेरच्या गावची. त्यांचा हिशोब सरळ होता : शाखा दोन, म्हणजे विमा दहा लाखांचा. वक्त्यांनी सांगितलं की एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या एकाच व्यक्तीच्या ठेवी एकत्र मोजतात आणि मर्यादा पाचच लाख राहते. हॉलमध्ये कुजबुज झाली, म्हणजे हा समज त्यांच्या एकट्यांचा नव्हता. मी तिथेच वहीत लिहून घेतलं आणि ठेवींच्या व्याख्यानाची शेजारच्या गावात पुनरावृत्ती होती, त्या पत्रकावर सोमवारी ही ओळ गेली :

‘एकच बँक, दोन शाखा, दोन पावत्या.
विमा ५ लाखांचा की १० लाखांचा?’